प्रशासकाने कोणाचं ऐकायचं

तिसरा प्रशासक राजीनामा देऊन गेला तेव्हा त्याने एचआरच्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा, हॉस्पिटलचा मोबाईल आणि गळ्यातलं ओळखपत्र ठेवलं. "सगळं मिळालं म्हणून एवढी सही द्या ताई," म्हणाला, आणि सही मिळताच निघून गेला. निरोपासाठी केक मागवला होता. तो शेवटी बिलिंगच्या लोकांनी खाल्ला.

ताई म्हणजे या दीडशे खाटांच्या हॉस्पिटलची एचआर अधिकारी. नऊ वर्षं झाली होती तिला इथे. वॉर्डातल्या आयांपासून सर्जनपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं होतं. चार वर्षांत तिने तीन प्रशासक येताना आणि जाताना पाहिले. पहिला डॉक्टर होता, सात महिन्यांत कंटाळून स्वतःचा दवाखाना थाटून बसला. दुसरा सैन्यातून निवृत्त झालेला, रोज सकाळी साडेसातला हजर. तो अकरा महिने टिकला आणि जाताना म्हणाला, "सीमेवर निदान गोळी कुठून येते ते कळायचं." हा तिसरा तरुण, हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकलेला, हुशार. सव्वा वर्ष.

त्यातच दर्जा तपासणारं पथक येऊन गेलं होतं आणि अहवालात लिहून गेलं होतं: प्रशासक या पदाचं लेखी जॉब डिस्क्रिप्शन नाही, तो कोणाला जबाबदार हे स्पष्ट नाही, सहा आठवड्यांत दुरुस्ती करा. अध्यक्षांनी ताईला बोलावून घेतलं.

"दोन पानांचं तर काम आहे," ते म्हणाले. "कामं काय, वरिष्ठ कोण, शिक्षण काय हवं. लिहून टाका. शुक्रवारी जाहिरात गेली पाहिजे."

सोमवार होता. ताईलाही वाटलं, दोन पानांचं तर काम आहे.

जुन्या फायलीत एकच पान सापडलं, हॉस्पिटल सुरू झालं त्या काळातलं, टाइपरायटरवर बडवलेलं. 'प्रशासकाने हॉस्पिटलचा कारभार चोख ठेवावा' एवढंच त्यात होतं, बाकी रजेचे नियम. तेव्हा तिने स्वतःच हिंडायला सुरुवात केली. स्टोअर, लाँड्री, किचन, सिक्युरिटी, अ‍ॅडमिशन काउंटर, जनरेटर रूम. प्रत्येकाला विचारलं, प्रशासकाकडे तुमचं काय काम पडतं? लिहिता लिहिता वही भरली. हॉस्पिटलची नोंदणी, आगीच्या सुरक्षेचा दाखला, जैविक कचऱ्याची परवानगी, एक्स-रेचा परवाना, लिफ्टची तपासणी, या सगळ्यांच्या मुदती सांभाळायच्या. यंत्रांच्या देखभालीचे करार. सफाई आणि सुरक्षेचे ठेकेदार. रुग्णांच्या तक्रारी. खरेदी. वार्षिक अंदाजपत्रक. मोठा अपघात झाला आणि एकदम तीस जखमी आले तर कोण कुठे उभं राहील त्याचा आराखडा. बुधवारी सकाळी तिच्याकडे साडेतीन पानांचा मसुदा तयार होता, आणि तो घेऊन ती सर्जनसाहेबांकडे गेली.

सर्जनसाहेब म्हणजे वैद्यकीय संचालक. हात सोन्याचे, जीभ कात्रीसारखी. ओपीडीतले दोन पेशंट संपवून तिसरा आत यायच्या मधल्या वेळात त्यांनी मसुदा वाचला.

"ठीक आहे. फक्त इथे लिहा, प्रशासक वैद्यकीय संचालकांना जबाबदार."

"सर, अध्यक्ष म्हणतील..."

"अध्यक्षांना हॉस्पिटल कळतं का? ते आठवड्यातून दोनदा येतात आणि कुंड्या बघून जातात. आणि शिक्षणात एमबीबीएस टाका. डॉक्टर नसेल त्याला आमचं बोलणंच कळत नाही."

दुपारी ती अध्यक्षांकडे गेली. अध्यक्षांचं ऑफिस तळमजल्यावर, मोठ्या खिडकीचं. खिडकीत खरंच चार कुंड्या होत्या.

"प्रशासक विश्वस्त मंडळाला जबाबदार. म्हणजे मला," ते म्हणाले. "डॉक्टरांच्या हाती कारभार दिला तर प्रत्येकजण आपापल्या विभागासाठी नवं यंत्र मागेल. आणि एमबीबीएस कशाला? कोणत्याही शाखेची पदवी, प्रशासनाचा दहा वर्षांचा अनुभव. माझ्या ओळखीत एकजण आहे, कारखाना चालवलाय त्याने. शिस्त काय असते ते बघाल."

ताईने दोन्ही वाक्यं लिहून घेतली, कारण दुसरं काय करणार? परत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली आणि दोघांना चालेल असं वाक्य जुळवायला लागली. 'प्रशासकीय बाबतीत अध्यक्षांना व वैद्यकीय बाबतीत संचालकांना.' सर्जनसाहेबांनी 'प्रशासकीय' खोडलं. अध्यक्षांनी 'व' च्या जागी 'आणि अंतिमतः' घातलं. ते सर्जनसाहेबांनी पाहिलं आणि फोनवर म्हणाले, "अंतिमतः काय अंतिमतः? आमचं आधी काही नाही का?" शुक्रवार आला आणि गेला. जाहिरात गेली नाही. मसुदा सहावा झाला.

त्यात मेट्रन. मेट्रन म्हणजे नर्सिंगच्या प्रमुख. सव्वीस वर्षं याच इमारतीत, पांढरी साडी, मनगटावर उलटं बांधलेलं घड्याळ. त्यांनी मसुद्याच्या दुसऱ्या पानावर लाल पेनने एकच ओळ लिहून पाठवली: 'नर्सिंग विभाग प्रशासकाच्या हाताखाली येणार नाही.' ताई त्यांच्या खोलीत गेली.

"मेट्रन, ड्यूटी कशी लावायची ते तुमच्याच हातात राहील. पण चादरी, गाद्या, वॉर्डातली सफाई, ही कामं तर..."

"चादरींचं बघू दे त्याला, खुशाल बघू दे. माझ्या मुलींना कुठे उभं करायचं ते तो सांगणार नाही. मागच्याने काय केलं माहितीये? अतिदक्षता विभागातल्या दोघींना उचलून स्वागतकक्षात बसवलं. का, तर पाहुणे येणार होते."

"त्याला कोणी सांगितलं होतं ते करायला?"

मेट्रननी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग त्या राउंडला निघाल्या.

ताई आपल्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. तिच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. तिला वाटलं, ही बाई सुद्धा आडवी आली. प्रत्येकाला आपलं कुंपण तेवढं शाबूत हवंय.

रविवारी तिने मसुदा घरी नेला. तिच्या सासूबाईंनी एका शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं हेडक्लार्की केली होती, आणि कागद दिसला की त्या वाचल्याशिवाय राहत नसत, मग तो औषधाच्या बाटलीतला का असेना. जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून त्यांनी साडेचार पानं वाचून काढली. ताई भाजी निवडत समोर बसली होती. नवरा आतल्या खोलीत क्रिकेट बघत होता आणि मधूनच ओरडत होता.

"अगं, हा माणूस करणार काय?" सासूबाईंनी विचारलं.

"एवढं सगळं लिहिलंय ना आई."

"लिहिलंय खरं. देखरेख करणे, समन्वय साधणे, पाठपुरावा करणे, निदर्शनास आणणे. मी मोजलं. देखरेख सतरा वेळा आलंय. ठरवणे एकदाही नाही." त्यांनी चष्मा काढला. "याला काही ठरवायचा अधिकार आहे का? की नुसता चिठ्ठ्या घेऊन हिंडणार?"

ताईच्या हातातली भाजी तशीच राहिली. नऊ वर्षं एचआर केलेल्या बाईला हे दिसू नये, याचा तिला इतका राग आला की तो सासूबाईंवरच निघाला.

"तुम्हाला शाळेत सोपं होतं आई. एक हेडमास्तर होते. इथे दोन आहेत."

"मग तो बिचारा पळून गेला यात नवल काय," सासूबाई म्हणाल्या आणि मटार सोलायला घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने तिसऱ्या प्रशासकाला फोन लावला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं, पण त्याने उचलला.

"ताई, खरं सांगू? काम जास्त होतं म्हणून नाही गेलो मी," तो म्हणाला. "डायलिसिसचं पाणी आठवतंय ना तुम्हाला?"

तिला अर्धवट आठवत होतं. त्याने सगळं सांगितलं. डायलिसिसच्या यंत्रांना जे शुद्ध पाणी लागतं, त्याच्या महिन्याच्या तपासणीचा अहवाल खराब आला होता. जंतूंचं प्रमाण मर्यादेच्या वर. शुद्धीकरण संयंत्राच्या जाळ्या बदलून सगळी पाइपलाइन निर्जंतुक करायला हवी होती, आणि त्यासाठी विभाग दोन दिवस बंद ठेवायला हवा होता. तो सर्जनसाहेबांकडे गेला. ते म्हणाले, पाण्याचं संयंत्र म्हणजे देखभालीचं काम, अध्यक्षांची सही आणा. तो अध्यक्षांकडे गेला. ते म्हणाले, पेशंटचे उपचार थांबवायचे म्हणजे वैद्यकीय प्रश्न, मी कोण सही करणार? असं दोनदा झालं. बारा दिवस गेले.

"तेराव्या दिवशी तिघा पेशंटना डायलिसिस चालू असताना थंडी वाजून ताप भरला. मी तिथे उभा होतो ताई. हातात फाईल होती आणि त्या फायलीवर एकही सही नव्हती. मेट्रननी माझ्या हातातून फाईल घेतली, टेबलावर आपटली आणि विभाग बंद केला. स्वतःच्या जबाबदारीवर. चौदा पेशंटसाठी फोन करून दुसऱ्या हॉस्पिटलांत सोय लावली. मी नुसता बघत राहिलो. त्या दिवशी ठरवलं, इथे राहायचं नाही."

"त्या तिघांचं काय झालं?"

"वाचले. नशीब."

ताईने फोन ठेवला. पुढचं तिला माहीत होतं. त्या प्रकरणानंतर मेट्रनना एक मेमो गेला होता. 'अधिकारकक्षेबाहेर जाऊन सेवा बंद केल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा.' सही सर्जनसाहेबांची होती, पण शब्द ताईचे होते. वरून मजकूर आला, तिने सरकारी भाषेत बसवला, छापला आणि पाठवून दिला. का, कशासाठी, हे विचारलंसुद्धा नव्हतं. त्या आठवड्यात वीस नर्सेसची भरती चालू होती.

ती उठून मेट्रनच्या खोलीत गेली. मेट्रन औषधांच्या कपाटाची यादी तपासत होत्या.

"डायलिसिसचा मेमो मी लिहिला होता," ताई उभ्याउभ्याच म्हणाली.

"माहितीये. 'अधिकारकक्षा' हा शब्द इथे दुसरं कोण वापरतं?"

"मला चौकशी करायला हवी होती. चुकलं माझं."

मेट्रननी यादी बाजूला ठेवली. "बसा. खुलासा लिहिताना मला एकच प्रश्न पडला होता. अधिकारकक्षेबाहेर गेले म्हणता, तर कोणाच्या कक्षेत होतं ते? तो मी खुलाशात लिहिला. उत्तर आलं नाही."

ताई बसली. मग मेट्रननी टेबलावरचा मसुदा ओढला आणि तिसरं पान उघडलं, जिथे शैक्षणिक पात्रता होती. सर्जनसाहेबांचं एमबीबीएस आणि अध्यक्षांची कोणत्याही शाखेची पदवी, दोन्ही तिथे 'किंवा' लावून बसली होती.

"कारखाना चालवणारा चालतो," मेट्रन म्हणाल्या. "नर्स का चालत नाही?"

"म्हणजे?"

"मी नर्सिंगमध्ये एमएस्सी आहे. हॉस्पिटल प्रशासनाचा पदव्युत्तर डिप्लोमा दहा वर्षांपूर्वी केलाय, पत्राद्वारे, ड्यूटी करून. तीन प्रशासकांच्या मधल्या काळात चार्ज कोणाकडे होता? एकदा तीन महिने, एकदा पाच. त्या काळात परवान्याची एक मुदत चुकली का ते फायलीत बघा. आणि तुम्ही तिघं आठवडाभर भांडताय की डॉक्टर हवा की कारखानदार." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मानेवरची शीर दिसत होती. "कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. तुमच्यासुद्धा."

खरंच आलं नव्हतं. ताईने कामाचंच बोलायचं ठरवलं, कारण तेवढंच तिला नीट जमत होतं.

"तुम्ही अर्ज करणार आहात का?"

"वाट मोकळी असेल तर करेन."

"मग आजपासून हा मसुदा मी तुम्हाला दाखवणार नाही. तुमची लाल पेनची ओळसुद्धा मी बाजूला काढणार. उद्या कोणी म्हणायला नको की स्वतःसाठी पद शिवून घेतलं."

"काढा," मेट्रन म्हणाल्या आणि मसुदा तिच्याकडे सरकवला. "मला तेच हवंय."

ताईने मसुदा मुळापासून नव्याने लिहिला. आधी दुसऱ्या चार हॉस्पिटलांच्या एचआरना फोन करून त्यांच्या जाहिराती मागवल्या. तिघांनी हॉस्पिटल व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी किंवा डिप्लोमा मागितला होता आणि मूळ शाखा मोकळी सोडली होती: वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, काहीही. तिने तसंच लिहिलं, आणि जोडीला किमान शंभर खाटांच्या हॉस्पिटलात जबाबदारीच्या पदावर आठ वर्षं. अत्यावश्यक काय आणि असल्यास बरं काय, हे वेगळं केलं. मग 'देखरेख' शोधून शोधून उडवली. 'ठेकेदारांच्या कामावर देखरेख करणे' याचं 'ठेकेदारांची निवड, मुदतवाढ व करार रद्द करणे, मंजूर अंदाजपत्रकाच्या मर्यादेत' असं केलं. आणि प्रत्येक कामासमोर तीन रकाने आखले: स्वतः ठरवणार, विचारून ठरवणार, फक्त कळवणार. नर्सिंगच्या ड्यूट्या तिने 'विचारून' मध्येही घातल्या नाहीत. तो विषय नर्सिंगप्रमुखांचा, असं सरळ लिहिलं. हा नववा मसुदा होता.

बैठक अध्यक्षांच्या ऑफिसात झाली. सर्जनसाहेब ऑपरेशनमधून तसेच आले होते, हिरवी टोपी डोक्यावर. दोघांनी पहिला रकाना वाचला आणि दोघांच्या कपाळावर एकदम आठ्या आल्या.

"इतकं सगळं तो स्वतः ठरवणार, मग आम्ही काय करायचं?" अध्यक्ष म्हणाले.

ताईने मनाशी ठरवून ठेवलेला प्रश्न विचारला. "साहेब, या माणसाला दोन दिवस रजा हवी असेल तर अर्ज कोणाकडे द्यायचा?"

"माझ्याकडे," दोघं एकदम म्हणाले.

कोणी हसलं नाही. ताईला हसावंसं वाटलं, पण त्याहून जास्त रडावंसं.

"वर्षाच्या शेवटी त्याचं मूल्यमापन कोण करणार?"

"मी," अध्यक्ष म्हणाले.

"मी त्याच्याबरोबर रोज काम करणार आणि मूल्यमापन तुम्ही करणार?" सर्जनसाहेब म्हणाले.

"आणि डायलिसिसचं पाणी पुन्हा खराब आलं तर," ताई म्हणाली, "तो कोणाकडे जाणार?"

सर्जनसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. अध्यक्षांनी खिडकीकडे बघितलं. मग ते म्हणाले, "ते प्रकरण निकालात निघालंय. ते आता उकरू नका."

"मी उकरत नाही साहेब. मी फक्त विचारतेय, लिहायचं काय?"

पाऊण तास गेला. शिक्षणाचं मान्य झालं, तेही असं की सर्जनसाहेब म्हणाले, "नर्स वगैरे लिहिलंय, पण कोण येणारे?" ताई गप्प बसली. रकान्यांतली अर्धी कामं 'स्वतः' मधून 'विचारून' मध्ये सरकली, आणि ताईने त्यातली पाच परत ओढून आणली, एकेक करून, प्रत्येकासाठी वेगळं भांडून. वरिष्ठाच्या जागी तिने लिहिलं होतं, 'अध्यक्षांमार्फत विश्वस्त मंडळाला जबाबदार. रुग्णोपचाराविषयी वैद्यकीय संचालकांचा सल्ला बंधनकारक.' बैठकीत दोघं ठीक म्हणाले. पण दोन दिवसांनी सही होऊन प्रत आली तेव्हा त्यात 'तसेच वैद्यकीय संचालकांनाही जबाबदार' असं जोडलेलं होतं. दोघांच्या सह्या त्याखाली होत्या.

ताईने जाऊन विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "त्यांना वाईट वाटत होतं हो. एका शब्दाने काय बिघडतं?"

तिने पुन्हा दुरुस्त करून पाठवलं. परत तसंच आलं. असा अकरावा मसुदा झाला, आणि जाहिरात त्याच ओळीसकट गेली, कारण मुदत संपत आली होती आणि तिच्यात आता तेवढीच धमक उरली होती.

बावीस अर्ज आले. मुलाखतीला सहाजण बोलावले. बाहेरून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या, दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या माजी संचालिका. अध्यक्षांचा कारखानदारही होता. तज्ज्ञ बाईंनी त्याला विचारलं की आग लागली तर अतिदक्षता विभागातले रुग्ण आधी हलवायचे की नंतर, तर तो म्हणाला आधी मालमत्तेचा विमा तपासू. त्यानंतर अध्यक्षांनीही त्याला काही विचारलं नाही. मेट्रन त्याच पांढऱ्या साडीत आल्या आणि पस्तीस मिनिटं बोलल्या. त्या बाहेर गेल्यावर तज्ज्ञ बाईंनी गुणपत्रिका उलटी ठेवली आणि म्हणाल्या, "घरात माणूस असताना तुम्ही जाहिरात का दिलीत?"

सर्जनसाहेब बराच वेळ पेनाशी चाळा करत होते. "डॉक्टर ऐकतील का तिचं?" ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "मी तर सव्वीस वर्षं ऐकतोय."

नेमणुकीचं पत्र ताईने स्वतः टाइप केलं आणि जॉब डिस्क्रिप्शन जोडून स्वतः नेऊन दिलं. तिला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी पत्र परत आलं. सही नव्हती. सोबत मेट्रनच्या सुवाच्य अक्षरात चार ओळी होत्या.

'पद स्वीकारण्यास मी तयार आहे. मात्र पान एकवर मला दोन वरिष्ठ दिले आहेत. दोघांचं मत वेगळं असेल तेव्हा मी कोणाचं ऐकायचं, हे त्याच पानावर लिहून द्यावं. तोपर्यंत मी माझ्या जागी काम करीत राहीन.'

सर्जनसाहेब भडकले. "अटी घालतात! आधी रुजू व्हा, मग बोला!" अध्यक्ष म्हणाले, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विचारा. ताईने विचारलं. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने जॉब डिस्क्रिप्शन वाचलं आणि नम्रपणे नकार कळवला. नकाराचं कारण त्याने लिहिलं नाही, पण परत आलेल्या प्रतीत पान एक दुमडलेलं होतं.

एकोणीस दिवस गेले. त्या एकोणीस दिवसांत लिफ्टच्या तपासणीची तारीख आली, सफाईवाल्यांचा करार संपला, आणि प्रत्येक कागद दोन्ही साहेबांच्या टेबलावर जाऊन पडू लागला, कारण मधे झेलायला कोणीच नव्हतं. सर्जनसाहेबांचं एक ऑपरेशन चाळीस मिनिटं थांबलं, लाँड्रीचा माणूस हिरवे गाऊन कोणाच्या सांगण्यावरून द्यायचे यावर अडून बसला म्हणून. त्या दुपारी ते टोपी न काढताच अध्यक्षांच्या खोलीत गेले, आणि दार बंद झालं. अर्ध्या तासाने ताईला बोलावणं आलं.

"ते वाक्य वाचा," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं. नवव्या मसुद्यातलं."

तिने वाचलं. त्यात मेट्रनच्या पत्रामुळे दोन ओळींची भर पडली: मतभेद झाल्यास निर्णय अध्यक्षांचा, मात्र रुग्णाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर प्रशासक कोणतीही सेवा स्वतःच्या अधिकारात थांबवू शकेल आणि चोवीस तासांत दोघांना लेखी कळवील. दुसरी ओळ सर्जनसाहेबांनी स्वतः सांगितली. सांगताना ते कोणाकडेच बघत नव्हते.

मेट्रननी ते उभ्याने वाचलं, दोनदा, आणि मग बसून सही केली. ताई कागद गोळा करत होती. तिच्या हालचालीतलं काहीतरी मेट्रनच्या लक्षात आलं असावं.

"चिडलात?"

"हो," ताई म्हणाली.

"माझ्यावर?"

"नाही. तुम्ही यावं असंच मला वाटत होतं." ती कागदांची टोकं जुळवत राहिली, ती आधीच जुळलेली होती. "मी हेच वाक्य महिनाभर लिहीत होते मेट्रन. अकरा वेळा. समजावून सांगितलं, प्रश्न विचारले, विनवलं. आणि तुम्ही फक्त सही नाकारलीत."

मेट्रननी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणाला असतात तर त्यांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असतं. मला नको म्हणायची सोय होती, एवढंच."

ते खरं होतं. पण खरं असल्यामुळे बरं वाटलं असं काही झालं नाही. ताई खाली आली. वाटेत स्वागतकक्षाजवळ दोघा नातेवाइकांचं भेटीच्या वेळेवरून सिक्युरिटीशी वाजलं होतं, आणि सवयीने तिला हाक आली, "ताई, जरा बघा ना!" ती थांबली.

"नवीन प्रशासक पहिल्या मजल्यावर आहेत," ती म्हणाली. "हे त्या ठरवतील." आणि आपल्या खोलीत जाऊन तिने चहा मागवला, आणि तो येईपर्यंत डोळे मिटून बसून राहिली.